आर्टरी २३, फळ्यावर २४

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मी मोठ्याने म्हटलं, ‘आर्टरी २३.’ फळ्यावर २४ लिहिल्या होत्या. पोट शिवायला घेतलेला डॉक्टर मॅडमचा हात तिथेच थांबला.

आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी धरून ठेवणारा, कात्रीसारखी मूठ असलेला स्टीलचा चिमटा. सिझेरियन सुरू होण्याआधी आम्ही १८ मोजल्या होत्या. मी एकेकीला हात लावून आकडा बोलायचा आणि फिरत्या सिस्टरने तो बघून फळ्यावर लिहायचा, अशी पद्धत. पुढे रक्तस्राव थांबेना म्हणून ६ आर्टरींचा आणखी एक संच उघडला. तोही मोजला, लिहिला.

अतुल गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ सालचा अमेरिकेतला अभ्यास आहे. तातडीचं ऑपरेशन आणि आयत्या वेळी बदललेला बेत असला, की शरीरात वस्तू राहण्याचा धोका वाढतो, असं त्यात दिसलं. शिवाय मोजणी झालेल्या बहुतेक रुग्णांमध्ये ती बरोबर आहे असंच सगळ्यांना वाटलं होतं. म्हणून न जुळलेल्या आकड्यापेक्षा खोटा जुळलेला आकडा मला जास्त भयंकर वाटतो.

दुसऱ्यांदा सिस्टरने मोजलं, मी बघितलं. जखमेपासून सुरुवात, मग माझा ट्रॉली, मागचं टेबल आणि शेवटी बादली. तरी २३. मॉप मात्र १५ पैकी १५ भरले. मॅडमनी पोटात चारही बाजूंनी हात फिरवला. मावशींनी कपड्यांची पिशवी आणि कचऱ्याचा डबा उलटा करून घडी अन् घडी झटकली. मोजणी जुळेपर्यंत खोलीतून काहीही बाहेर जात नाही.

बाई जाग्या होत्या, भूल फक्त कंबरेखाली होती. ‘सिस्टर, काय शोधताय?’ त्यांनी विचारलं. मॅडमनीच सांगितलं, ‘एक चिमटा मोजणीत कमी येतोय, सापडेपर्यंत थांबतोय.’ एक्स-रे मशीन आणलं. छातीखालून ओटीपोटापर्यंत फोटो घेतला. स्टील ठळक दिसतं. गर्भाशय आधीच शिवलेलं होतं, पण त्यात असती तरी दिसली असती. बारीक सुईबाबत मात्र ही खात्री देता येत नाही. फोटो स्वच्छ निघाला.

मग मला आठवलं. बाळ रडलं नव्हतं, म्हणून नाळ कापताक्षणी ते बालरोगतज्ज्ञांच्या हाती दिलं होतं, बाळाकडच्या नाळेला लावलेल्या आर्टरीसकट. शेजारच्या खोलीत फोन केला. तिथल्या सिस्टरने नाळेला प्लास्टिकचा क्लॅम्प लावून आर्टरी ट्रेमध्ये ठेवली होती. ती आणून सगळ्यांसमोर मोजली: २४. त्यानंतरच पोट शिवलं.

आर्टरी बाहेर जाताना मी तसं मोठ्याने सांगायला हवं होतं. चूक माझी होती आणि अहवालात मी ती तशीच लिहिली. तिन्ही आकडे, शोधाच्या जागा, फोटोची वेळ आणि आम्हा दोघींच्या सह्या त्यात आहेत. बाई आणि बाळ पाचव्या दिवशी घरी गेले. आमच्या फळ्यावर आता एक जादा रकाना आहे: ‘बाळाबरोबर गेलेलं.’