फक्त एकच प्रकार नेणारे सभासद किती?

एका वाचनालयाचे २०० सभासद आहेत असं धरू. त्यांच्या दिवाळी अंकांच्या योजनेत तीन प्रकारचे अंक आहेत: विनोदी, रहस्यकथांचे आणि राशिभविष्याचे. (तिसरा प्रकार आपण वाचतच नाही असं सगळे सांगतात, नोंदवही वेगळं सांगते.) योजना संपल्यावर ग्रंथपालबाई नोंदवही घेऊन बसतात आणि आकडे काढतात. विनोदी अंक नेणारे ९५, रहस्यकथा नेणारे ८०, भविष्य नेणारे ९०. विनोदी आणि रहस्य दोन्ही नेणारे ४०, रहस्य आणि भविष्य दोन्ही नेणारे ३०, विनोदी आणि भविष्य दोन्ही नेणारे ४५. तिन्ही प्रकार नेणारे २०. आता सचिवांना हवा आहे एकच आकडा: फक्त एकाच प्रकाराला चिकटून राहिलेले सभासद किती? पुढच्या वर्षी त्यांना दुसऱ्या प्रकाराकडे वळवायचं त्यांच्या मनात आहे.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हाच प्रश्न चहा, कॉफी आणि दूध पिणाऱ्यांच्या नावाने येतो. शाळेत दोन संचांचं सूत्र शिकवतात: दोन्ही संचांतल्या संख्यांची बेरीज करा आणि सामाईक संख्या एकदा वजा करा. तीन संचांना तीच रीत पुढे न्यायची. ९५, ८० आणि ९० यांची बेरीज २६५. जोड्यांची बेरीज ४०, ३० आणि ४५ मिळून ११५. ती वजा केली की उरले १५०, आणि तिन्हीवाले २० परत मिळवले की १७०. म्हणजे निदान एक तरी अंक नेणारे १७०, आणि योजनेकडे न फिरकलेले ३०.

इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर येतं. घोळ होतो तो पुढच्या पायरीला. 'फक्त एक' हवं आहे म्हणून काही जण १७० मधून जोड्यांचे ११५ आणि तिन्हीवाले २० वजा करतात आणि ३५ असं उत्तर लिहून मोकळे होतात. खरं उत्तर ९५ आहे.

सूत्र पाठ करण्यापेक्षा एकेका सभासदाच्या मागे लागून पाहावं. फक्त विनोदी अंक नेणाऱ्या काकांचं नाव २६५ मध्ये एकदाच मोजलं गेलं आहे आणि जोड्यांच्या ११५ मध्ये कुठेच नाही. त्यांना हात लावायचं कारण नाही. विनोदी आणि रहस्य असे दोनच प्रकार नेणाऱ्या मावशींचं नाव मात्र २६५ मध्ये दोनदा आलं आहे. आपल्याला त्या उत्तरात अजिबात नको आहेत, म्हणून त्यांना दोनदा वजा करायला हवं. जोड्यांच्या बेरजेत त्या एकदाच आहेत, म्हणजे जोड्यांची बेरीज दुप्पट करून वजा करायची. आता तिन्ही प्रकार नेणारे आजोबा. ते २६५ मध्ये तीनदा आहेत, आणि तिन्ही जोड्यांत असल्याने ११५ मध्येही तीनदा. जोड्या दुपटीने वजा केल्यावर त्यांचा हिशेब तीन उणे सहा, म्हणजे उणे तीन होतो. तो शून्यावर आणायचा तर तिन्हीवाल्यांची संख्या तीनदा मिळवावी लागते.

तेव्हा २६५ उणे २३० अधिक ६०, बरोबर ९५. ३५ हे उत्तर कुठे चुकलं तेही आता दिसतं: जोड्यांच्या ११५ मध्ये आजोबा आधीच तीनदा दडलेले होते, आणि वरून ते चौथ्यांदा वजा झाले. वीस आजोबा, प्रत्येकी तीन जास्तीच्या वजाबाक्या, फरक नेमका ६० चा.

पडताळा आतून बाहेर घ्यावा. तीन वर्तुळं एकमेकांत शिरलेली काढून मधोमध २० लिहायचे. मग दोनच प्रकार नेणाऱ्यांचे कप्पे: ४० मधून २० गेले की २०, ३० मधून १०, ४५ मधून २५. आता विनोदीच्या वर्तुळात एकट्यासाठी उरतात ९५ उणे ६५, म्हणजे ३०. रहस्यासाठीही ३०, भविष्यासाठी ३५. तिन्हींची बेरीज ९५. परीक्षेच्या घाईत मी हीच रीत सुचवीन. सूत्रापेक्षा चार ओळी जास्त लागतात, पण चूक लपत नाही.

ती कशी उघडी पडते ते पाहण्यासारखं आहे. समजा, 'दोन्ही नेणारे ४०' याचा अर्थ कुणी 'हे दोनच नेणारे, तिसरा नाही' असा घेतला. मग विनोदीच्या वर्तुळात ४०, ४५ आणि २० मिळून १०५ जण बसले, आणि नेणारे तर ९५ च. एकट्याच्या कप्प्यात उणे १० माणसं आली. कप्प्यात उणे संख्या आली की अर्थ लावण्यात तरी चूक आहे किंवा दिलेल्या आकड्यांत तरी.

पण कप्पे सगळे धन आले म्हणून निर्धास्त होता येत नाही. शेल्डन रॉस यांच्या संभाव्यतेवरच्या पाठ्यपुस्तकात एक गाजलेलं उदाहरण आहे. एका नियतकालिकाच्या १००० वर्गणीदारांपैकी ३१२ व्यावसायिक, ४७० विवाहित, ५२५ पदवीधर. व्यावसायिक पदवीधर ४२, विवाहित पदवीधर १४७, विवाहित व्यावसायिक ८६, आणि तिन्ही असलेले २५. कप्पे भरत गेलं तर कुठेही अडत नाही: एकेकटे २०९, २६२ आणि ३६१ येतात, सगळे व्यवस्थित. पण सगळे कप्पे मिळवा, १०५७ होतात! हजार वर्गणीदारांत सत्तावन्न जण जास्तीचे. आकडे चुकीचे आहेत हे दाखवा, एवढाच तिथला प्रश्न आहे. म्हणून शेवटी एकूण बेरीज दिलेल्या संख्येच्या आत बसते का, हेही पाहायचं.

आता तिन्हीवाल्यांचा आकडा नोंदवहीत मिळालाच नाही तर? आपल्या वाचनालयात २० ऐवजी अज्ञात संख्या क धरू. 'फक्त एक' नेणारे होतात २६५ उणे २३० अधिक ३ क, म्हणजे ३५ अधिक ३ क. क सर्वांत लहान जोडीहून, म्हणजे ३० हून मोठा असू शकत नाही, कारण तिन्ही नेणारा प्रत्येक जण त्या जोडीतही असतोच. शून्य असायला मात्र इथे काही हरकत नाही. एकही कप्पा उणे जात नाही. तेव्हा उत्तर ३५ ते १२५ मध्ये कुठेही, तिनाच्या टप्प्यांनी. इतका ऐसपैस पल्ला पाहून सचिव वैतागतील, पण त्याहून नेमकं उत्तर त्या आकड्यांत नाहीच. एक माहिती मात्र मिळाली तर पुरते: एकही अंक न नेणारे ३० होते एवढं कळलं, तर नेणारे १७० ठरतात, क २० येतो आणि उत्तर पुन्हा ९५ वर स्थिरावतं.

या वर्तुळांना जॉन वेन यांचं नाव लागलं ते त्यांच्या १८८० च्या लेखामुळे, जरी ऑयलर यांनी त्याआधी शंभरेक वर्षं तर्कासाठी वर्तुळं वापरली होती. तीन वर्तुळांत बाहेरचा धरून आठ भाग पडतात आणि तीन प्रकारांच्या सर्व शक्यताही आठच, त्यामुळे सगळं जमतं. वाचनालयाने चौथा प्रकार, समजा पाककृतींचे अंक, आणला की शक्यता सोळा होतात, आणि चार वर्तुळं कशीही काढली तरी चौदापेक्षा जास्त भाग पडत नाहीत. वेन यांनी त्यासाठी लंबवर्तुळं वापरली. हिशेबाची रीत मात्र तशीच पुढे जाते: एकेका प्रकाराच्या आकड्यांची बेरीज, उणे जोड्यांची दुप्पट, अधिक त्रिकुटांची तिप्पट, उणे चारही प्रकारांत असलेल्यांची चौपट.