शुभारंभाच्या प्रयोगाची जाहिरात: कथासूत्रापासून तिकिटापर्यंत

नव्या नाटकाचा तिकीट लावून होणारा पहिला खुला प्रयोग म्हणजे शुभारंभाचा प्रयोग. मोठ्या निर्मितिसंस्थेच्या जाहिरातीत ओळखीच्या नटाचा चेहरा असतो आणि बरेचसे काम तो चेहराच करतो. छोट्या नाट्यसंस्थेकडे असा चेहरा नसतो. तिचे नट दिवसा नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणारे असतात आणि लेखकाचे नाव शहराबाहेर फारसे कुणी ऐकलेले नसते. म्हणून अशा संस्थेच्या जाहिरातीत दोनच गोष्टींवर भिस्त असते. पहिली म्हणजे नाटक कशाबद्दल आहे हे सांगणाऱ्या चार ओळी, आणि दुसरी म्हणजे तिकिटाचा चोख तपशील.

जाहिरात लिहायला घेण्याआधी तीन गोष्टी हातात असाव्या लागतात. लेखकाची लेखी परवानगी ही पहिली. दुसरी गोष्ट म्हणजे संहितेचे प्रमाणपत्र. महाराष्ट्रात तिकीट लावून नाटक करायचे तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून ते घ्यावे लागते. तिसरी म्हणजे सभागृहाची पैसे भरून पक्की केलेली तारीख. तोंडी मिळालेल्या तारखेवर जाहिरात निघाली आणि ती तारीख दुसऱ्या कार्यक्रमाला गेली, तर छापलेली पत्रके वाया जातात आणि आगाऊ तिकीट काढलेल्या प्रेक्षकांचे पैसे परत करावे लागतात. हेच नाटक आधी स्पर्धेत सादर झाले असेल तर तेही जाहिरातीत सांगणे योग्य, कारण अशा वेळी हा नाटकाचा पहिला प्रयोग नसून तिकीट लावून होणारा पहिला प्रयोग असतो.

यानंतर येते कथासूत्र. ते किती सांगावे आणि कुठे थांबवावे, हे विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावरून चांगले समजते. ‘रंगायन’ने १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. आज हे नाटक सर्वांना ठाऊक आहे, पण त्या वेळी ते कोरे होते. त्याचे कथासूत्र लिहिताना पहिला मोह होतो तो आशय सांगून टाकण्याचा: ‘समाजाच्या दांभिकतेवर प्रखर भाष्य करणारे, अंतर्मुख करणारे नाटक.’ हे वाक्य दुसऱ्या पन्नास नाटकांनाही चालेल, त्यामुळे त्यातून वाचकाला काहीच कळत नाही.

उपयोगी कथासूत्रात माणसे, जागा आणि अडचण असते. उदाहरणार्थ: ‘अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यासाठी शहरातली एक हौशी मंडळी एका गावी येते. कार्यक्रमाला अवकाश आहे आणि गावातल्या एका तरुणाला खटला कसा चालतो ते दाखवायचे आहे. म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला उभा राहतो. आरोपी ठरते त्यांच्यातलीच हसरी, बोलकी शिक्षिका बेणारे, आणि आरोप ठेवला जातो भ्रूणहत्येचा.’ इथे थांबायचे. गंमत म्हणून सुरू झालेल्या खेळात इतका गंभीर आरोप आला की पुढे काय होते हे जाणण्याची ओढ लागते. आरोपाचा बेणारेच्या खऱ्या आयुष्याशी काय संबंध आहे आणि गैरहजर असलेल्या प्राध्यापक दामल्यांचे नाव कसे पुढे येते, हे रंगमंचावरच उलगडायला हवे. खेळ ज्या ठिकाणी उलटतो तो क्षण साधारणपणे पहिल्या अंकात येतो आणि कथासूत्र त्याच्या अलीकडे थांबते. दुसऱ्या अंकातली कोणतीही माहिती सूत्रात शिरली, तर ते जास्त लांबले असे समजावे.

कथासूत्राखाली श्रेयनामावली येते. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, वेशभूषा, रंगभूषा आणि कलाकार हा तिचा सर्वसाधारण क्रम. जागा कमी असेल तर लेखक, दिग्दर्शक आणि कलाकार एवढी नावे ठेवून बाकीची पत्रिकेत देतात.

मग तारीख, वार, वेळ आणि स्थळ. तारखेबरोबर वार छापण्यामागे कारण आहे. दोहोंचा मेळ बसला नाही तर चूक लगेच डोळ्यांत भरते आणि छपाईपूर्वीच सुधारता येते. स्थळाच्या नावापुढे गाव आणि परिसर लिहावा लागतो, कारण यशवंतराव चव्हाणांच्या नावाची सभागृहे पुण्यात कोथरूडलाही आहेत आणि मुंबईत नरिमन पॉइंटलाही. छोट्या संस्था अनेकदा शाळेच्या किंवा एखाद्या वास्तूच्या सभागृहात प्रयोग करतात. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने १९७४ पासून अशीच चळवळ उभी केली. अशा जागी जायचा रस्ता, प्रवेशद्वार आणि मजला सांगितला नाही, तर पहिल्यांदा येणारा प्रेक्षक घंटा होईपर्यंत फाटकच शोधत राहतो.

तिकिटाचा दर ठरवताना सभागृहाची आसनसंख्या आणि प्रयोगाचा खर्च यांची सांगड घालावी लागते. समजा सभागृहात १२० खुर्च्या आहेत. भाडे, प्रकाशसामग्री, नेपथ्याचा टेम्पो आणि पत्रके मिळून खर्च २७,००० रुपये आहे. २५० रुपये तिकीट ठेवले तर तो भरून निघायला १०८ तिकिटे विकली जावी लागतात आणि निमंत्रितांसाठी फक्त १२ जागा उरतात. शुभारंभाला मात्र समीक्षक, संस्थांचे प्रतिनिधी आणि कलाकारांच्या घरची माणसे असे ३० जण तरी येतात. या जागा बाजूला काढल्यावर विक्रीला ९० राहतात, आणि तेवढ्यांत खर्च निघायचा तर दर ३०० रुपये ठेवावा लागतो. तोही सगळी तिकिटे गेली तरच. ऑनलाइन विक्रीवर संकेतस्थळाचे शुल्क पडते, ते कोण सोसणार हे आधी ठरवावे लागते. नाटकाचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर २०१८ पासून त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यामुळे छोट्या संस्थांचे दर सहसा या मर्यादेच्या आतच राहतात.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे १२०च्या १२० जागा विक्रीला खुल्या करणे. मग निमंत्रित आले की तिकीट काढलेल्यांना कडेला उभे राहावे लागते. निमंत्रितांच्या जागा विक्री सुरू होण्याआधीच वेगळ्या काढल्या तर हा प्रसंग येत नाही.

तिकिटाच्या तपशिलात दराखेरीज आणखी चार गोष्टी हव्यात: विक्री केव्हा सुरू होणार, तिकीट कुठे मिळणार, आसनक्रमांक आहे की नाही, आणि प्रयोगाच्या दिवशी खिडकी किती वाजता उघडणार. आसनक्रमांक नसेल तर ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ असे स्पष्ट लिहावे लागते, नाहीतर तिकीट हाती असलेला प्रेक्षक जागा राखलेली आहे असे समजून शेवटच्या क्षणी येतो. फोनवर जागा धरून ठेवायच्या असतील तर त्या किती वाजेपर्यंत धरल्या जातील हेही सांगावे. प्रयोगाच्या अर्धा तास आधीपर्यंत न आलेल्यांच्या जागा खुल्या केल्या जातील, अशी एक ओळ दिली की खिडकीवरचे वाद टळतात.

शेवटच्या दोन-तीन ओळी प्रेक्षकाच्या सोयीच्या असतात. नाटकाचा कालावधी आणि मध्यंतर आहे की नाही हे कळले, तर शेवटची लोकल किंवा बस पकडणाऱ्याला हिशेब करता येतो. तिसऱ्या घंटेनंतर प्रवेश बंद होणार असेल तर ते ठळक छापावे, कारण लहान सभागृहात मागाहून आलेला प्रेक्षक नटांच्या डोळ्यांसमोरूनच जातो. विषय लहान मुलांना झेपणारा नसेल तर वयाची अट इथेच येते. तिकिटे परत घेतली जातात की नाही, आणि प्रयोग रद्द झाल्यास पैसे कसे मिळतील, हेही याच ठिकाणी सांगतात.

जाहिरात साधारण दोन टप्प्यांत बाहेर पडते. तीन आठवडे आधी नाव, तारीख आणि कथासूत्र जाते. तिकीटविक्री सुरू होताना, म्हणजे आठवडाभर आधी, पूर्ण तपशील दिला जातो. वृत्तपत्रातली जागा महाग असल्याने तिथे दुसऱ्या टप्प्यातली छोटी चौकट पुरते, आणि लांब मजकूर पत्रक, फलक व समाजमाध्यमांसाठी राखता येतो. दोन्ही टप्प्यांत तारीख, वेळ आणि दर एकाच मूळ कागदावरून उतरवले, तर वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी माहिती छापली जात नाही.