ब्लाऊजची शिलाई ठरवताना

घरी ब्लाऊज शिवणाऱ्या बहुतेक बायका गल्लीतला भाव पाहून शिलाई सांगतात. गल्लीचा भाव 300 रुपये, म्हणून आपलाही तेवढाच. यात आपले तास किती गेले, हा हिशेब कुठेच येत नाही. दर ठरवायचा तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

अस्तराचा एक ब्लाऊज घेऊ. मापं आणि फिटिंगला अर्धा तास, कटिंगला अर्धा तास, मशीनवर दोन तास आणि हुक-तुरपाईला अर्धा तास, म्हणजे एकूण साडेतीन तास. समजा अस्तर 75 रुपयांचं, आणि दोरा, हुक, वीज मिळून 25. शिलाई 300 घेतली तर हातात 200 उरतात, तासाला जेमतेम 57 रुपये. तासाला 100 हवे असतील, तर दर 450 लागतो. बिनअस्तराच्या ब्लाऊजला अडीच तास आणि 25 रुपयांचं सामान लागत असेल, तर 275.

आता याच आकड्यांतून लग्नाचा संच तयार होतो: अस्तराचे तीन ब्लाऊज आणि तीन साड्यांना फॉल-पिको. ब्लाऊजचे 1350 आणि फॉल-पिकोचे, प्रत्येकी 120 धरून, 360, बेरीज 1710. तिन्हींची मापं आणि फिटिंग एकदाच होतं, म्हणून तुमचा एक तास वाचतो. सूट द्यायची ती या तासाचीच, 100 रुपये. 1610 च्या खाली गेलात तर सूट तुमच्या मजुरीतून जाते. आधी एकच ब्लाऊज शिवून अंगावर घालून पाहायचा आणि मगच उरलेले दोन कापायचे. माप चुकलं असेल, तर तिन्ही कापडं वाया जात नाहीत.

दराइतकंच महत्त्वाचं आहे ते त्यात काय धरलंय हे. सुती अस्तर कापण्याआधी भिजवून वाळवलं नाही, तर पहिल्या धुण्यात आटतं आणि ब्लाऊज काखेत ओढतो. म्हणून ‘अस्तर भिजवून, आत माया ठेवून’ असं दरपत्रकात लिहा. पंधरा दिवसांत फिटिंग चुकल्याचं दिसलं तर दुरुस्ती फुकट. गळा बदलायचा किंवा बाही वाढवायची असेल तर वेगळे पैसे. लटकन, पाइपिंग, पॅड यांचे दर स्वतंत्र लिहा आणि कापड घेतानाच अर्धी रक्कम घ्या.

ब्लाऊज न्यायला आल्यावर गिऱ्हाईक ‘हे धरलं नव्हतं का?’ असं वारंवार विचारत असेल, तर दर महाग नाही, दरपत्रक अपुरं आहे. वाद ज्या कामावर होतो, त्याची ओळ त्यात वाढवा. मात्र लग्नसराईत तारखा महिनाभर आधीच भरत असतील आणि कुणीच घासाघीस करत नसेल, तर पुढच्या हंगामात तासाचा दर वाढवायला हरकत नाही.