घसाऱ्याच्या नोट्स आणि एक ई-मेल

प्रथम वर्ष वाणिज्यच्या एका विद्यार्थिनीने आपल्या अभ्यासक्रम समन्वयक मॅडमना ई-मेल पाठवला. विषय होता : ‘विभागाच्या नोट्सवरून सामाईक डिजिटल प्रश्नपेढी तयार करण्याबाबत’. त्यातला महत्त्वाचा भाग असा :

‘मॅडम, घसाऱ्याच्या नोट्स विभागाकडे आहेत, पण त्या वाचून आपल्याला उदाहरण जमते की नाही हे परीक्षेच्या दिवशीच कळते. सुरुवातीला या एकाच प्रकरणाचे वीस प्रश्न आम्ही चौघी तयार करू. तपासून मंजुरी आपण द्यावी. नमुन्याचा एक प्रश्न सोबत जोडला आहे.’

अशी मागणी करणारे बरेच विद्यार्थी ‘सगळ्या नोट्स ऑनलाइन टाका’ एवढेच लिहितात. तसे केले की विभागाला पीडीएफचा गठ्ठा मिळतो, प्रश्नपेढी मिळत नाही. या मुलीने एक प्रकरण निवडले, तपासणीची जबाबदारी कोणाची ते सांगितले आणि नमुना जोडला. त्यामुळे समन्वयकांना नेमके कशाला हो म्हणायचे ते कळते.

तिने जोडलेला प्रश्न महाविद्यालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘मूडल’ या मोफत प्रणालीला वाचता येईल अशा साध्या मजकुरात होता :

```
::घसारा-02:: यंत्र 1 एप्रिल रोजी 1,00,000 रुपयांना घेतले. घसारा दरसाल 10 टक्के, ऱ्हासमान शिल्लक पद्धत. 31 मार्चला वर्ष संपते. दुसऱ्या वर्षाचा घसारा किती? {
=9,000 #बरोबर. 90,000 वर 10 टक्के.
~10,000 #ही सरळ रेषा पद्धत झाली.
~19,000 #ही दोन वर्षांची बेरीज आहे.
~8,100 #हा तिसऱ्या वर्षाचा घसारा.
}
```

बरोबर उत्तरापुढे `=`, चुकीच्यापुढे `~` आणि विद्यार्थ्याला दिसणाऱ्या सूचनेपुढे `#`, एवढीच याची खूण. पण खरे कसब चुकीच्या पर्यायांत आहे. 10,000 लिहिणाऱ्याने दोन पद्धतींची गल्लत केली, 19,000 लिहिणाऱ्याने एका वर्षाऐवजी दोन्ही वर्षांचा घसारा धरला, 8,100 लिहिणारा एक वर्ष पुढे गेला. प्रत्येक पर्यायामागे वर्गात खरोखर होणारी एक चूक आहे. 4,000 किंवा 50,000 असे मनाला येतील ते आकडे टाकले असते, तर प्रश्न सुटला असता, पण कोणाचे कुठे अडते ते कळले नसते. विद्यार्थ्यांनी प्रश्न लिहिण्याचा फायदाही इथेच आहे. आपण कुठे घसरतो हे त्यांना चांगले ठाऊक असते.

जुन्या मराठी नोट्समध्ये एक अडचण हमखास येते. पूर्वी टाइप केलेल्या अनेक फाइली युनिकोडमध्ये नसतात. ज्या फॉन्टमध्ये त्या टाइप केल्या, तो काढला की ‘घसारा’च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. नुसता फॉन्ट बदलून ती सुधारत नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो आणि नंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. आकड्यांतला स्वल्पविराम सरकला तरी लेखाकर्मात उदाहरणच बदलते.

प्रश्न चढवला म्हणजे काम संपले, असेही नाही. समजा, आधीचाच प्रश्न कोणी ‘1 ऑक्टोबर रोजी घेतले’ असा बदलला, 9,500 हा पर्याय घातला, पण उत्तरसूचीत 9,000 तसेच ठेवले. पहिल्या वर्षी यंत्र सहाच महिने वापरले, म्हणून घसारा 5,000. उरले 95,000, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा घसारा 9,500. महिने मोजणारी हुशार मुले इथे चुकलेली ठरतील आणि तारखेकडे लक्षच न देणाऱ्यांना गुण मिळतील.

हा दोष आकड्यांतून पकडता येतो. साठ जणांच्या वर्गात एकूण गुणांनुसार वरचे सोळा आणि खालचे सोळा विद्यार्थी घ्यायचे. या प्रश्नाचे उत्तर वरच्यांपैकी सहा आणि खालच्यांपैकी दहा जणांचे ‘बरोबर’ आले, तर सहातून दहा वजा करून सोळाने भागायचे. उत्तर येते उणे 0.25. याला भेददर्शक निर्देशांक म्हणतात. तो उणे आला की आधी उत्तरसूची तपासायची, मग प्रश्नाची भाषा. मुलांना दोष द्यायची वेळ त्यानंतर येते. अर्थात दहा-बारा जणांच्या वर्गात या आकड्यावर विसंबू नये. तिथे एकट्यादुकट्याच्या उत्तरानेही तो उलटतो.

ई-मेलमध्ये एक गोष्ट राहून गेली होती. सरावाचे आणि परीक्षेचे प्रश्न वेगळ्या कप्प्यांत हवेत आणि परीक्षेचा कप्पा फक्त शिक्षकांना उघडता आला पाहिजे. ते न केल्यास मुले घसारा शिकण्याऐवजी ‘दोन नंबरच्या प्रश्नाचे उत्तर 9,000’ एवढे पाठ करतील. शिवाय नोट्स ज्या शिक्षकांनी लिहिल्या, त्यांची परवानगी घ्यावी आणि त्यांचे नाव प्रश्नांवर राहावे. पुस्तकातून जसेच्या तसे उचललेले उदाहरण मात्र वगळावे.

समन्वयकांना माझी विनंती आहे की असा ई-मेल आला तर ‘कल्पना चांगली आहे, पाहू’ असे उत्तर देऊ नका. त्या चौघींना एक तपासणारे शिक्षक नेमून द्या आणि पहिले वीस प्रश्न कधीपर्यंत हवेत, ती तारीख कळवा.