चिकटवलेल्या वस्तूच्या कडांचे विलीनीकरण : ग्रेडियंट-पद्धती



कोकणच्या पार्श्वभूमीवरील एका कादंबरीचे मुखपृष्ठ आपल्याला तयार करावयाचे आहे असे समजा. हाती दोन छायाचित्रे आहेत. पहिल्यात दुपारच्या उन्हात एका तलावात उभी असलेली तांबडी, पांढऱ्या शिडाची होडी आहे. दुसऱ्यात सूर्यास्ताच्या वेळचा, तांबूस झाक असलेला रिकामा समुद्र. तलावातील होडी समुद्रात न्यावयाची आहे. होडी कितीही काळजीपूर्वक कापली, तरी ती समुद्रावर ठेवताच कागद चिकटवल्यासारखी दिसते. तिच्या कडेला तलावाच्या निळसर पाण्याची बारीक रेघ उरते आणि तिचा रंग भोवतीच्या संध्याकाळशी मुळीच जुळत नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो कडा मऊ करण्याचा. कडेपासून काही पिक्सेलपर्यंत दोन्ही चित्रांचे रंग कमी-अधिक प्रमाणात मिसळावयाचे. या उपायाने रेघ जाते, पण तिच्या जागी धूसर पट्टा येतो. निळसर आणि तांबूस यांच्या मिश्रणाचा हा पट्टा धड तलावाचाही नसतो आणि समुद्राचाही नसतो. शिवाय पट्ट्याच्या आतील होडी दुपारच्या उन्हातच राहते. दोष कडेपुरता नसून आतल्या सगळ्या रंगांचा आहे. म्हणून केवळ कडेवर केलेला उपचार अपुरा पडतो.

ग्रेडियंट-पद्धती प्रश्न वेगळ्या रीतीने मांडते. पॅट्रिक पेरेझ, मिशेल गांग्ने आणि अँड्र्यू ब्लेक या तीन संशोधकांनी २००३ साली ती एका शोधनिबंधातून मांडली. त्यांचा आधार साधा आहे. पिक्सेलचे प्रत्यक्ष मूल्य किती आहे यापेक्षा शेजारच्या पिक्सेलपासून त्यात किती फरक आहे, हे आपल्या डोळ्याला अधिक जाणवते. होडीची आकृती, फळ्यांच्या रेषा, शिडाच्या घड्या हे सारे शेजारी-शेजारी पिक्सेलांमधील चढउतारच असतात. या चढउतारांनाच ग्रेडियंट म्हणतात. तेव्हा होडीचे रंग उचलण्याऐवजी तिचे चढउतार उचलावेत, कडेवरची मूल्ये समुद्राकडून घ्यावीत, आणि या दोन्ही अटी शक्य तितक्या पाळणारे नवे रंग शोधावेत, अशी ही कल्पना आहे.

एका ओळीचे उदाहरण

हे गणित पिक्सेलांच्या एकाच ओळीवर करून पाहू. होडीच्या चित्रातील एका ओळीत सहा पिक्सेल असून त्यांची मूल्ये अशी आहेत : ६०, ६४, १००, ९२, ७०, ६०. (० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा.) पहिला व शेवटचा पिक्सेल ही सीमा, मधले चार पिक्सेल आपल्याला नव्याने काढावयाचे आहेत. शेजाऱ्यांमधील फरक अनुक्रमे +४, +३६, −८, −२२ आणि −१० असे आहेत. त्यांची बेरीज शून्य होते, कारण ओळ ६० पासून सुरू होऊन ६० वरच संपते.

समुद्राच्या चित्रात त्याच दोन सीमांवर १६० आणि १५० अशी मूल्ये आहेत. म्हणजे १६० पासून निघून पाच पावलांत १५० वर पोहोचावयाचे आहे. एकूण फरक −१० हवा. होडीचे फरक जसेच्या तसे ठेवले तर आपण पुन्हा १६० वरच पोहोचू आणि शेवटच्या पावलाशी १० ची फट राहील. ही फट एकाच जागी ठेवली तर तीच कडेची रेघ म्हणून दिसेल. ती पाचही पावलांत समान वाटली, तर प्रत्येक फरक फक्त २ ने कमी होतो : +२, +३४, −१०, −२४, −१२. नवी ओळ मिळते : १६०, १६२, १९६, १८६, १६२, १५०. मधला उंचवटा जवळजवळ तसाच राहिला, आणि दोन्ही टोके समुद्राला तंतोतंत भिडली.

आता नव्या ओळीतून जुनी ओळ वजा करून पाहा. उत्तर येते १००, ९८, ९६, ९४, ९२, ९०. म्हणजे आपण जुन्या ओळीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ उतरत जाणारी दुरुस्ती मिळवली आहे. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही तिच्यातूनच निघतात.

संपूर्ण चित्रात ओळीच्या जागी क्षेत्र असते आणि दोन टोकांच्या जागी बंदिस्त सीमारेषा. तेथे दुरुस्ती सरळ रेषेची नसून ताणलेल्या पातळ रबरी पडद्यासारखी असते. सीमेवर प्रत्येक ठिकाणी तलाव व समुद्र यांच्या मूल्यांत जेवढा फरक आहे तेवढ्या उंचीवर पडदा खिळवलेला आहे, आणि आत तो आपोआप गुळगुळीत बसला आहे, असे चित्र मनापुढे आणा. गणिताच्या भाषेत अट अशी की, आतील प्रत्येक पिक्सेलची दुरुस्ती ही त्याच्या वर, खाली, डावीकडे व उजवीकडे असलेल्या चार शेजाऱ्यांच्या दुरुस्त्यांची सरासरी असली पाहिजे. जितके पिक्सेल तितकी समीकरणे. संगणक ती एकत्र सोडवतो, आणि तांबडा, हिरवा व निळा या तिन्ही घटकांसाठी स्वतंत्रपणे सोडवतो. या समीकरणाला फ्रेंच गणिती प्वासाँ यांचे नाव आहे, म्हणून ही पद्धत त्यांच्या नावानेही ओळखली जाते.

प्रत्यक्ष कृती

OpenCV या मुक्त संगणकीय संग्रहात ही पद्धत तयार मिळते. पायथॉन भाषेत एवढ्या ओळी पुरतात :

```
import cv2
src = cv2.imread("hodi.png")
dst = cv2.imread("samudra.png")
mask = cv2.imread("mask.png", 0)
out = cv2.seamlessClone(src, dst, mask, (620, 410), cv2.NORMAL_CLONE)
cv2.imwrite("out.png", out)
```

यातील `mask.png` म्हणजे होडीच्या चित्राएवढेच काळे चित्र. जेवढा भाग उचलावयाचा तेवढा त्यात पांढरा रंगवलेला असतो. कंसातील दोन आकडे म्हणजे समुद्राच्या चित्रातील स्थान. त्या जागी मास्कच्या पांढऱ्या भागाचा मध्य येतो, होडीच्या संपूर्ण चित्राचा नव्हे. होडी अपेक्षेपेक्षा बाजूला सरकलेली दिसली, तर पहिली शंका येथे घ्यावी.

मास्क कसा काढावा, यात खरे कौशल्य आहे. कापून चिकटवताना आपण वस्तूच्या कडेला घासून कापतो. येथे तसे करू नये. सीमेवर ज्यांची तुलना व्हावयाची ते दोन्ही पदार्थ एकाच जातीचे हवेत : तलावाचे पाणी आणि समुद्राचे पाणी. म्हणून मास्क होडीपासून थोडा दूर, तलावाचे थोडे पाणी आत घेऊन काढावा. सीमा होडीच्या तांबड्या फळीवरूनच गेली, तर संगणक तांबड्या फळीची तुलना समुद्राच्या पाण्याशी करील आणि त्या फळीलाच पाण्याचा रंग देईल. शीड आणि डोलकाठी यांच्या वरच्या टोकांकडे विशेष लक्ष द्यावे. मास्क तेथेच नकळत तोकडा पडतो.

समुद्राच्या बाजूनेही हीच दक्षता हवी. आपल्या ओळीचे उजवे टोक १५० ऐवजी ६० मूल्याच्या काळ्या खडकावर पडले असे माना. आता १०० ची घट पाच पावलांत वाटावी लागते, म्हणजे प्रत्येकी २०. नवी ओळ येते : १६०, १४४, १६०, १३२, ९०, ६०. मूळ ओळीत १०० मूल्याचा उंचवटा डाव्या सीमेहून ४० ने उजळ होता. आता तो तिच्याशी समान झाला आहे. खडकाचा काळेपणा होडीच्या अंगावर झिरपला. चित्रात हा दोष एका बाजूने आत पसरत गेलेल्या मळकट डागासारखा दिसतो. तो डोळ्याने निश्चित ठरत नसेल, तर नव्या चित्रातून मूळ होडीचे चित्र वजा करून पाहावे. पडदा सर्वत्र सौम्य दिसला तर ठीक. एखाद्या बाजूला तीव्र उतार दिसला तर त्या बाजूच्या सीमेखाली काहीतरी परके आहे. होडी थोडी सरकवावी किंवा मास्क खडकापासून आत घ्यावा.

मास्कमध्ये घेतलेले पाणी मात्र तलावाचेच राहते. त्याचा रंग समुद्राचा होतो, लाटा होत नाहीत. खवळलेल्या समुद्रात होडीभोवती शांत पाण्याचे कडे दिसू लागते. यासाठी `NORMAL_CLONE` ऐवजी `MIXED_CLONE` वापरता येते. त्यात प्रत्येक ठिकाणी दोन चित्रांपैकी ज्याचा चढउतार अधिक तीव्र, तो घेतला जातो. म्हणून तलावाच्या शांत पाण्यावर समुद्राच्या लाटा मात करतात. त्याची किंमतही आहे. होडीची एखादी बाजू सपाट, एकरंगी असेल तर तिच्यावरूनही लाटांच्या रेषा जाताना दिसतात आणि होडी पारदर्शक भासते. माझ्या मते होडीसारख्या भरीव वस्तूसाठी साधा पर्याय घ्यावा आणि तलावाच्या शांत छायाचित्राऐवजी थोडे हलते पाणी असलेले छायाचित्र शोधावे.

रंगाचा प्रश्न

तलावाच्या पाण्यात तांबडा, हिरवा, निळा हे घटक १२०, १५०, १५० आणि समुद्रात १५०, १२०, १०० आहेत असे धरा. सीमेवर सर्वत्र असेच असेल, तर आतही सर्वत्र दुरुस्ती +३०, −३०, −५० अशी होईल. शिडाचा पांढरा रंग २४५, २४५, २४० असेल, तर तो २७५, २१५, १९० होईल. २५५ च्या वर जागाच नसल्याने तांबडा घटक २५५ वर थांबेल. शीड तांबूस झाले. संध्याकाळी ते तसेच दिसते. पण होडीची फळी १८०, ४०, ४० अशी असेल तर ती २१०, १०, −१० होते. उणे मूल्य अस्तित्वात नसल्याने निळा घटक शून्यावर कापला जातो, आणि फळीचा तांबडा रंग अवास्तव भडक दिसू लागतो.

याचे कारण असे की, प्रत्यक्षातील प्रकाश बेरजेने काम करीत नाही. संध्याकाळचा प्रकाश प्रत्येक रंगाला ठरावीक पटीने बदलतो. म्हणून काही जण मूल्यांऐवजी त्यांच्या लॉगरिदमवर ही पद्धत चालवतात आणि शेवटी उत्तर परत मूळ मूल्यांत आणतात. लॉगरिदममधील फरक म्हणजे मुळातील गुणोत्तर. आपल्या उदाहरणात ती गुणोत्तरे १.२५, ०.८ आणि सुमारे ०.६७ येतात. फळी आता २२५, ३२, २७ होते. उणे आकड्याचा प्रश्नच उरत नाही. शिडाचा तांबडा घटक मात्र ३०६ पर्यंत जाऊन अधिकच छाटला जातो. म्हणून असे करण्यापूर्वी होडीचे चित्र थोडे गडद करून घ्यावे. शून्य मूल्याचा लॉगरिदम निघत नाही, यासाठी आधी सर्व मूल्यांत १ मिळवण्याचा प्रघात आहे.

यातल्या कोणत्याही मार्गाने होडीची सावली मात्र बदलत नाही. दुपारी ती होडीच्या बुडाशी आखूड पडलेली असते, आणि शिडाच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या उजळ असतात. सूर्यास्ताला एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी असावयास हवी. शिडाच्या दोन बाजूंमधील हा उजेडाचा भेदही चढउतारच असतो, आणि चढउतार तर आपण मुद्दाम जपले आहेत. त्यामुळे होडीचे छायाचित्र निवडताना ढगाळ हवेतील किंवा तिरप्या उन्हातील निवडावे, आणि ऊन ज्या बाजूने आहे त्याच बाजूला समुद्राच्या चित्रात सूर्य आहे ना, हे मास्क काढण्यापूर्वीच पाहून घ्यावे.