पहिल्याच दिवशी दोन औषधं?

बीपीचं निदान होतं, पहिली चिठ्ठी हातात पडते आणि तिच्यावर कधी एका औषधाचं नाव असतं, कधी दोन. दोन नावं दिसली की घरचे हबकतात, 'एवढं वाढलंय का?' शेजारच्या काकांना एकच गोळी दिलेली असते, त्यामुळे शंका आणखी बळावते. पण गोळ्यांच्या संख्येवरून आजार मोजण्यात अर्थ नाही.

साधं गणित बघा. बीपीचं कुठलंही एक औषध नेहमीच्या मात्रेत दिलं, तर वरचा आकडा सरासरी नऊ-दहानेच उतरतो. १६५ वरून १४० च्या खाली यायचं असेल तर एवढ्याने भागत नाही. मग त्याच गोळीची मात्रा दुप्पट केली तर? उपयोग फारच थोडा होतो. २००९ साली अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं, की मात्रा दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटातलं दुसरं औषध जोडल्याने बीपी साधारण पाचपट जास्त उतरतं.

याचं कारण शरीराच्या स्वभावात आहे. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं. दाब उतरला की मूत्रपिंडांना वाटतं काहीतरी बिघडलं, आणि ती रेनिन सोडून वाहिन्या पुन्हा आवळायला लावतात. टेल्मिसार्टन नेमकी हीच वाट अडवतं. शिवाय ॲम्लोडिपिनची मात्रा १० मिलिग्रॅमवर नेली की अनेकांचे घोटे सुजतात. ५ मिलिग्रॅमवर थांबून जोडीला ४० मिलिग्रॅम टेल्मिसार्टन दिलं, तर सूजही कमी येते. दोन्ही एकाच गोळीत मिळतात, म्हणजे घ्यायची गोळी एकच.

जोडी कुठली, याचा भारतातही कस लागला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॉपस्पिन चाचणीत ३२ केंद्रांवरच्या सुमारे दोन हजार रुग्णांना तीन वेगवेगळ्या जोड्या दिल्या होत्या. तिन्ही सारख्याच ठरल्या. सहा महिन्यांत जवळपास ७० टक्के लोकांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं.

मग सगळ्यांनाच जोडी का नाही? दोन रुग्ण समजा. पहिले सेहेचाळीस वर्षांचे गृहस्थ. दोन वेगवेगळ्या दिवशी मोजलेलं बीपी १६४/१०२, मधुमेह आहे, लघवीतून प्रथिनं जायला लागली आहेत. इथे टेल्मिसार्टनच्या गटाला पहिला मान, कारण तो गट मूत्रपिंडांवरचा ताणही कमी करतो. आकडा पाहता सोबत ॲम्लोडिपिन पहिल्याच दिवशी. मात्र आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षितच असतं. तीस टक्क्यांहून जास्त वाढलं, तर शरीरातलं पाणी कमी झालंय का, रुग्ण परस्पर वेदनाशामक गोळ्या घेतोय का, मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद आहे का, हे शोधावं लागतं.

दुसऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या आजी. बसून बीपी १६८/७४, पण उभ्या राहिल्या की तीन मिनिटांत वरचा आकडा १४४ वर येतो आणि डोकं गरगरतं. उभं राहताच वीस किंवा त्याहून जास्त घसरण ही धोक्याची खूण. इथे जोडी दिली तर बीपी सुधारेल, पण आजी न्हाणीघरात पडून खुबा मोडून घेतील. म्हणून एकच औषध, समजा ॲम्लोडिपिन अडीच मिलिग्रॅम, आणि दर वेळी उभं करूनही मोजणी. पण वय झालं म्हणून औषधच नको, हे मला मुळीच पटत नाही. ऐंशीच्या पुढच्यांवरच केलेल्या, २००८ च्या हायव्हेट चाचणीत एका औषधाने सुरुवात करून गरजेनुसार दुसरं जोडलं होतं. लक्ष्य १५०/८० असं सैल होतं, तरी मृत्यू २१ टक्क्यांनी घटले.

पहिलं औषध निवडताना ब्रिटनमध्ये पंचावन्न वर्षांची रेघ मानतात. तरुणपणी रेनिन जास्त, म्हणून टेल्मिसार्टनसारखी औषधं आधी. उतारवयात वाहिन्या ताठर आणि रेनिन कमी, म्हणून ॲम्लोडिपिन आधी. टाइप २ मधुमेह असला की ही रेघ पुसली जाते. बाकीचे आजारही निवड फिरवतात. हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर बीटा ब्लॉकरला जागा मिळते, दमा असेल तर तोच गट टाळतात. गाऊट असेल तर लघवी वाढवणारी गोळी मागे ठेवतात. आणि मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या स्त्रीला टेल्मिसार्टन देत नाहीत, कारण गर्भाला त्यापासून इजा होते.

तेव्हा पहिल्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, गुडघेदुखीची आणि दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा. आणि सोबत आजी-आजोबा असतील तर डॉक्टरांना सांगा, 'एकदा उभं करूनही बीपी बघा.'