हरवलेला गुरुवार

आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकणारा मी पहिलाच. विमानात मी अद्याप बसलेलो नाही, पण दुसऱ्यांच्या विमानप्रवासाच्या तारखा मात्र लिहितो. सकाळी कॉलेज आणि दुपारी घाटकोपर स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत काम, असा माझा दिनक्रम आहे. त्या टेबलावर माझ्या हातून एक चूक झाली. तिची ही हकीकत.

मुलुंडचे एक वृद्ध जोडपे सॅन फ्रान्सिस्कोला मुलाकडे गेले होते. तिथून न्यूझीलंड पाहून पुन्हा मुलाकडे यायचे, असा त्यांचा बेत होता. बुधवार, ११ जूनला रात्री १० वाजता विमान सुटणार आणि प्रवास १३ तासांचा. रात्री निघाले म्हणजे दुसऱ्या दिवशी पोचणार, असा सरळ हिशेब करून मी ऑकलंडच्या हॉटेलात १२ जूनपासून चार रात्री खोली घेतली. मंडळी पोचली ती शुक्रवारी, १३ जूनला सकाळी ६ वाजता! १२ तारखेला पाहुणे आले नाहीत म्हणून हॉटेलने पहिल्या रात्रीचे पैसे कापून घेतले होते आणि उरलेल्या तिन्ही रात्री रद्द करून टाकल्या होत्या. आजी-आजोबा सामानासह काउंटरपाशी उभे, आणि फोन आमच्या मालकांना.

मग गुरुवार गेला कुठे? भूगोलाच्या पुस्तकात आपण वाचलेली आंतरराष्ट्रीय वाररेषा पॅसिफिक महासागरात साधारण १८० अंश रेखावृत्ताला धरून जाते. ती पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडली की तारीख एक दिवस पुढे जाते, उलट दिशेने ओलांडली की एक दिवस मागे येते. हे मला परीक्षेपुरते पाठ होते. तिकिटावर मात्र ओळखता आले नाही. वास्तविक वेळापत्रकात पोचण्याच्या वेळेपुढे +2 असे बारीक छापलेले होते. म्हणजे निघाल्याच्या तारखेत दोन मिळवा.

आता मी रेषेच्या नादी लागतच नाही. सगळा प्रवास आधी घाटकोपरच्या घड्याळात मांडतो. जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे असते आणि ऑकलंड साडेसहा तास पुढे. तिथे बुधवारचे रात्रीचे १० म्हणजे इथे गुरुवारी सकाळचे साडेदहा. त्यात प्रवासाचे १३ तास मिळवले की गुरुवारी रात्रीचे साडेअकरा. ऑकलंडचे साडेसहा तास मिळवा, शुक्रवारी सकाळचे ६ झाले! मात्र हे आकडे बारमाही नाहीत. दोन्ही देश उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, आणि त्यांचे उन्हाळे एकमेकांच्या उलट येतात. म्हणून त्या तारखेचा फरक दर वेळी पाहावा लागतो.

हॉटेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मालकांनी शिकवली. हॉटेलात खोली साधारणपणे दुपारी २ नंतर मिळते. सकाळी सहाला पोचणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना लगेच आडवे व्हायचे असेल, तर आदल्या रात्रीचे, म्हणजे १२ तारखेचेच पैसे भरावे लागतात. म्हणजे माझी तारीख तशी वायाच गेली नसती. ‘पाहुणे १३ तारखेला पहाटे येतील, खोली राखून ठेवा’ एवढे एक वाक्य कळवायचे राहिले.

हॉटेलची चूक पैशाने भरून निघते, व्हिसाची निघत नाही. समजा, न्यूझीलंडमध्ये प्रवेश करण्याची अखेरची तारीख १२ जून असती, तर ११ तारखेला निघूनही उपयोग नव्हता. तिथे निघण्याची नव्हे, तिथल्या कॅलेंडरप्रमाणे उतरण्याची तारीख पाहतात. बहुधा विमानकंपनीनेच त्यांना सॅन फ्रान्सिस्कोत अडवले असते. याउलट अमेरिकेतील मुक्कामाची मुदत ११ जूनपर्यंत असेल, तर त्याच रात्री १० चे विमान चालते, कारण तिथे अमेरिकेची तारीख लागू. पण तेच विमान रखडून मध्यरात्रीनंतर सुटले, तर मुदत ओलांडली जाते. अशा वेळी एखादा दिवस हाताशी ठेवूनच तिकीट काढावे. थोडक्यात, कागद ज्या देशाचा, तारीख त्या देशाची. समुद्रावर हरवलेला दिवस कोणीही वजा करून देत नाही.

परतीच्या प्रवासात गंमत उलटी. गुरुवार, १० जुलैला संध्याकाळी साडेसातला ऑकलंडहून निघून, १२ तासांच्या प्रवासानंतर मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला उतरली ती त्याच गुरुवारी दुपारी साडेबाराला. निघण्याच्या सात तास आधी! या वेळी मी मुलाला ११ नव्हे, १० तारखेलाच विमानतळावर यायला कळवले होते.

मुलुंडला परतल्यावर आजी आमच्याकडे आल्या. त्या दर गुरुवारी उपवास करतात. मी चुकीबद्दल माफी मागितली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “अरे, जाताना माझा गुरुवार बुडाला, आणि येताना त्रेचाळीस तासांचा गुरुवार धरावा लागला. तुझ्या खोलीपेक्षा तोच महाग पडला बघ!”

मी टेबलावरच्या कागदावर मांडून पाहिले. ऑकलंडचा गुरुवार सुरू झाल्यापासून सॅन फ्रान्सिस्कोचा संपेपर्यंत २४ अधिक १९, बरोबर त्रेचाळीस तास. आजींचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता.